उजवा डोळा की उजवी बाजू?

“डॉक्टर, उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालंय.”

समोर बसलेले गृहस्थ चौसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. ही एकाच माणसाची हकिगत नाही. ओपीडीत भेटलेल्या अनेकांच्या तक्रारी एकत्र करून मी त्यांना इथे उभं केलं आहे. आठ दिवसांपूर्वी सकाळी उठले तेव्हापासून हे सुरू झालं. डोळा दुखला नाही, लाल झाला नाही. पण पेपर वाचताना ओळ पुढे सरकेना, पुढचा शब्द सापडेना. दाराच्या चौकटीवर उजवा खांदा दोनदा आपटला. जेवताना त्यांनी “आज भाजी केली नाही का?” असं विचारलं, तेव्हा भाजी ताटात उजवीकडे, नेहमीच्या जागी वाढलेली होती. सुनेनं बोट दाखवलं, त्यांनी मान वळवली आणि भाजी दिसली. घरच्यांनी निदान करून टाकलं होतं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला असणार.

मी त्यांना भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लावली. चष्मा लावून उजव्या डोळ्यानं ६/६ आणि डाव्यानंही ६/६. जो डोळा गेला म्हणून ते आले होते, तो सगळ्यात बारीक ओळ बिनचूक वाचत होता.

मग मी म्हटलं, “उजवा डोळा तळहातानं झाका आणि डाव्यानं माझ्या नाकाकडे बघत राहा.” त्यांच्या उजव्या बाजूला मी दोन बोटं धरली. दिसली नाहीत. डाव्या बाजूला धरली, लगेच दिसली. आता डावा डोळा झाकायला सांगितला आणि हेच उजव्या डोळ्यावर केलं. पुन्हा तेच. उजवीकडची बोटं गायब, डावीकडची स्पष्ट.

ज्याला ते उजवा डोळा म्हणत होते ती खरं तर उजवी बाजू होती, आणि ती दोन्ही डोळ्यांतून सारखीच नाहीशी झाली होती. एका रात्रीत दोन्ही डोळे नेमक्या त्याच बाजूला बिघडतील, हे जवळजवळ अशक्य. म्हणजे बिघाड अशा ठिकाणी असला पाहिजे, जिथे दोन्ही डोळ्यांकडून आलेले उजव्या बाजूचे तंतू एकत्र धावत असतात. अशी जागा डोळ्यात नाही. ती मेंदूत आहे, आणि तीही डाव्या अर्ध्यात. एमआरआयचं यंत्र सुरू व्हायच्या आधीच दोन बोटांनी एवढं कळू शकतं, कारण डोळ्यामागच्या नसांची रचना एका ठरलेल्या शिस्तीनं झालेली आहे. ती शिस्त कळली की बाकीचं कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन मांडता येतं.

दोन नियम आणि एक फुली

पहिला नियम प्रकाशाचा आहे. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला दृष्टिपटल असतं, ज्याला आपण रेटिना म्हणतो. त्यावर समोरच्या जगाचं चित्र उलटं पडतं. वरचं खाली, खालचं वर, उजवीकडचं डावीकडे आणि डावीकडचं उजवीकडे. म्हणजे उजवीकडे उभं असलेलं झाड प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलाच्या डाव्या अर्ध्यावर उमटतं.

दुसरा नियम तारांचा आहे. प्रत्येक डोळ्यातून सुमारे १० ते १२ लाख तंतूंची एक नस निघते. दोन्ही नसा मागे जाऊन कवटीच्या तळाशी, मेंदूच्या खालच्या अंगाला एकमेकींना भेटतात. वरून पाहिलं तर ही भेट फुलीसारखी दिसते. वैद्यकात तिला ऑप्टिक कायझम म्हणतात, आपण फुलीच म्हणू. या फुलीत सगळेच तंतू बाजू बदलत नाहीत. दृष्टिपटलाच्या नाकाकडच्या अर्ध्यातून आलेले तंतू ओलांडून पलीकडे जातात. कानाकडच्या अर्ध्यातून आलेले आपल्याच बाजूनं मागे जातात. ओलांडणाऱ्यांची संख्या निम्म्याहून किंचित जास्त असते, शंभरातले साधारण ५३.

आता कागदावर शेजारी शेजारी दोन वर्तुळं काढा. हे दोन डोळे, वरून पाहिलेले. प्रत्येकाचे उभ्या रेषेनं दोन भाग करा. उजवीकडचं जग दोन्ही दृष्टिपटलांच्या डाव्या अर्ध्यावर पडतं, म्हणून दोन्ही वर्तुळांचे डावे अर्धे लाल रंगवा. डाव्या डोळ्याचा डावा अर्धा कानाकडचा आहे. त्याचे तंतू ओलांडत नाहीत, डावीकडेच राहतात. उजव्या डोळ्याचा डावा अर्धा नाकाकडचा आहे. त्याचे तंतू ओलांडून डावीकडे येतात. फुलीच्या मागे सगळे लाल तंतू डाव्या बाजूला जमले. उरलेले अर्धे निळे रंगवले तर ते सगळे उजवीकडे जमलेले दिसतील.

हे ओलांडणं कशासाठी, ते या चित्रातच आहे. डोळे दोन असले तरी जग एक आहे, आणि त्याची उजवी बाजू दोन्ही डोळ्यांना दिसते. दोन्ही डोळ्यांनी पाहिलेली तीच वस्तू मेंदूत एकाच जागी पोचली, तरच त्या दोन चित्रांची तुलना होऊन वस्तू किती लांब आहे याचा अंदाज बांधता येतो. फुलीपर्यंत तंतूंची वाटणी डोळ्यांनुसार असते. फुलीनंतर ती बाजूंनुसार होते. या लेखातला सगळा हिशेब या एका बदलावर चालतो.

माणसाला हे कळायला बराच काळ लागला. आयझॅक न्यूटननं १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथाच्या शेवटी जे प्रश्न मांडले, त्यांत दोन्ही डोळ्यांच्या एकाच बाजूचे तंतू मेंदूत जाण्याआधी एकत्र येत असावेत, ही कल्पना होती. पण ती अंगावर अनुभवून मांडली विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं. पॅलेडियम आणि ऱ्होडियम ही मूलद्रव्यं शोधणारे ते हेच. एकदा खूप श्रम झाल्यावर त्यांना अचानक समोरच्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसू लागला. एका दारावर ‘जॉन्सन’ हे नाव होतं, ते वाचताना सुरुवातीची अक्षरं पुसल्यासारखी झाली आणि शेवटची तेवढी उरली. एकेक डोळा वापरून पाहिला तरी तेच. पाऊण तासही न लागता हे सगळं पूर्ववत झालं. त्यावरून त्यांनी तर्क केला की दोन्ही डोळ्यांचे तंतू अर्धे ओलांडतात आणि अर्धे ओलांडत नाहीत. १८२४ साली त्यांनी तो निबंधातून मांडला. चार वर्षांनी ते वारले. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूत खोलवर, थॅलॅमसच्या भागात, मोठी गाठ सापडली.

फुलीच्या आधी, फुलीवर, फुलीनंतर

आता ही तार तीन ठिकाणी कापून पाहू.

कात्री फुलीच्या आधी, म्हणजे उजव्या डोळ्याच्या नसेवरच लागली, तर हिशेब सरळ आहे. त्या नसेत एकाच डोळ्याचे तंतू आहेत, म्हणून एकच डोळा जातो. डावा डोळा झाकला की अंधार, उजवा झाकला की सगळं ठीक. नसेला सूज आली, तिचा रक्तपुरवठा तुटला किंवा डोळ्यामागे गाठ वाढली, तरी नियम तोच. उजव्या डोळ्यानं दिसत नाही हे वाक्य खऱ्या अर्थानं फक्त इथेच लागू पडतं.

कात्री फुलीच्या नेमकी मधोमध लागली तर काय होईल, ते कागदावर बघा. मधोमध फक्त ओलांडणारे तंतू आहेत. ते दोन्ही डोळ्यांच्या नाकाकडच्या अर्ध्यातून आलेले. उजव्या डोळ्याचा नाकाकडचा अर्धा उजवीकडचं बघतो, डाव्या डोळ्याचा डावीकडचं. म्हणजे प्रत्येक डोळ्याची बाहेरची, कानाकडची बाजू जाते. घोड्याला झापडं लावल्यासारखं होतं. मेंदूत दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी कापून हे चित्र मिळत नाही, म्हणून ते दिसलं की डॉक्टरांची नजर थेट फुलीवर जाते.

आणि फुलीच्या खाली काय आहे? हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी, कवटीच्या तळाच्या एका खळग्यात बसलेली. तिच्यात गाठ झाली, ती बहुधा कर्करोगाची नसते, आणि वर वाढू लागली की फुलीला खालून ढकलते. पण दोघींमध्ये साधारण एक सेंटिमीटरची मोकळी जागा असते. ती भरून काढेपर्यंत नजरेला काही होत नाही. म्हणून दृष्टीची तक्रार घेऊन माणूस येतो तेव्हा गाठ लहान राहिलेली नसते. त्याआधी पाळी अनियमित होणं, अंगावर पाजत नसताना स्तनांतून दूध येणं, अंगठी किंवा चप्पल घट्ट होत जाणं अशा खुणा येऊन गेलेल्या असू शकतात. डोळ्यांशी त्यांचा काही संबंध असेल असं कुणाला वाटत नाही.

इथे नियमांचा बारकावा फार उपयोगी पडतो. गाठ खालून ढकलते, म्हणून फुलीतले खालचे तंतू आधी दबतात. ते दृष्टिपटलाच्या खालच्या भागातून आलेले असतात. चित्र उलटं पडतं, म्हणून खालचा भाग वरचं जग बघतो. तेव्हा पिट्युटरीच्या गाठीत सर्वांत आधी नजरेचे वरचे, बाहेरचे दोन कोपरे जातात. झाडाची फांदी, रस्त्यावरचा वरचा दिवा, वरच्या फळीवरचा डबा. याउलट मुलांमध्ये आणि मोठ्यांमध्येही होणारी क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची एक गाठ बहुधा वरून फुली दाबते. तिथे खालचे, बाहेरचे कोपरे आधी जातात. नुसत्या कोपऱ्यावरून दाब खालून येतोय की वरून, याचा अंदाज बांधता येतो.

मग हे रुग्णाला लवकर का कळत नाही? याचं उत्तरही त्याच हिशेबात आहे. प्रत्येक डोळा बाहेरच्या बाजूला साधारण ९० अंशांपर्यंत बघतो आणि नाकाच्या बाजूला ६० अंशांपर्यंत. दोन्ही डोळे उघडे असताना उजव्या डोळ्याची हरवलेली उजवी बाजू डावा डोळा नाकावरून ६० अंशांपर्यंत भरून काढतो, आणि डाव्याची उजवा भरून काढतो. शेवटी गहाळ होते ती दोन्ही टोकांची फक्त ३०-३० अंशांची पट्टी. रस्ता ओलांडताना बाजूनं आलेली रिक्षा अचानक समोर उगवते, गर्दीत खांद्याला खांदे लागतात, आणि माणूस म्हणतो, “लक्ष नव्हतं.”

एक विचित्र तक्रार मात्र ऐकू येते. सुईत दोरा ओवता येत नाही. आपण सुईच्या नेढ्याकडे बघतो तेव्हा नेढ्यामागच्या वस्तू दोन्ही डोळ्यांच्या नाकाकडच्या दृष्टिपटलावर पडतात, आणि नेमका तोच भाग बंद पडलेला असतो. सुईच्या मागचं जग नाहीसं होतं, दोरा पुढे गेला की दिसत नाही. नखं कापताना तीच अडचण. नंबर बदलला असेल म्हणून अशा माणसाला दोन-तीन वेळा चष्मा बदलून दिला जातो, आणि तक्त्यावरची ओळ तो वाचतोही. कारण अगदी मधलं बारीक वाचायला दृष्टिपटलाच्या केंद्राचा अर्धा भाग पुरतो. म्हणून नुसता तक्ता वाचवून घेतला तर हा आजार सुटतो, आणि एकेक डोळा झाकून चारही कोपरे तपासले तर सापडतो. वेळेत सापडला तर काही गाठी गोळ्यांनी आकसतात, बऱ्याच नाकातून शस्त्रक्रिया करून काढता येतात आणि दाब उतरल्यावर गेलेली बाजू पुष्कळदा परत येते. उशीर झाला, नसेचे तंतू सुकले, की परत येण्यासारखं फार उरत नाही.

फुलीमागचा लांब रस्ता

आपल्या बँकवाल्या गृहस्थांच्या बाबतीत दोन्ही डोळ्यांची तीच बाजू गेली होती. म्हणजे कात्री फुलीच्या मागे, डाव्या बाजूला लागली. पण फुलीपासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंत बराच रस्ता आहे. तंतू आधी थॅलॅमसमधल्या एका केंद्रात जातात, तिथून पंख्यासारखे पसरतात आणि मेंदूच्या अगदी मागच्या भागात, टाळूच्या खाली मानेच्या वर जिथे आपण हात टेकवतो, तिथे पोचतात. या रस्त्यावर नेमकं कुठे बिघडलं, हे कसं ओळखायचं?

पहिली खूण म्हणजे दोन्ही डोळ्यांची गेलेली जागा एकमेकींशी किती जुळते. फुलीतून नुकतेच बाहेर पडलेले तंतू एकत्र आलेले असतात, पण अजून नीट लावलेले नसतात. एकाच बिंदूकडे बघणारे दोन डोळ्यांचे तंतू एकमेकांपासून दूर असतात. तिथे अर्धवट इजा झाली तर एका डोळ्यात मोठा भाग जातो, दुसऱ्यात लहान. जसजसं मागे जावं तसतसे हे जोडीदार एकमेकांच्या जवळ येतात आणि अगदी मागे शेजारी शेजारी बसतात. तिथली इजा दोन्ही डोळ्यांच्या नकाशांत जवळजवळ एकसारखीच उमटते. या खुणेला एक मोठी मर्यादा आहे. अर्धी बाजू पूर्णच गेली असेल तर जुळण्या-न जुळण्याचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा एवढंच म्हणता येतं, की बिघाड फुलीच्या मागे आहे.

दुसरी खूण पंख्याची. पंख्याचे खालचे तंतू कानाच्या आतल्या बाजूच्या टेंपोरल भागात पुढे वळसा घालून मग मागे जातात. वरचे तंतू पॅरायटल भागातून थेट मागे येतात. खालचे तंतू वरचं जग बघतात हे आपण आता जाणतो. म्हणून डाव्या टेंपोरल भागाला इजा झाली तर दोन्ही डोळ्यांचा उजवीकडचा वरचा चतकोर जातो, पॅरायटल भागाला झाली तर उजवीकडचा खालचा. फिट्ससाठी टेंपोरल भागावर शस्त्रक्रिया झालेल्यांना कधीकधी वरचा चतकोर गमवावा लागतो, तो या वळशामुळे. खालचा चतकोर गेलेला माणूस पायऱ्या उतरताना चुकतो. चतकोर कुठला, हे विचारलं की वाट अर्धी कळते.

तिसरी खूण अगदी मागच्या टोकाची. तिथे दृष्टिक्षेत्राचा जो नकाशा आहे, त्यात केंद्रालगतच्या छोट्याशा वर्तुळाला फार मोठी जागा दिलेली आहे. या नकाशाचा अभ्यास युद्धातल्या जखमींवरून झाला. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात लहान व्यासाच्या वेगवान गोळ्या डोक्यातून आरपार जाऊनही अनेक जपानी सैनिक वाचले. तात्सुजी इनोउए या तरुण नेत्रतज्ज्ञानं गोळी कुठून शिरली आणि कुठून निघाली यावरून तिचा मेंदूतला मार्ग मांडला आणि प्रत्येक सैनिकाच्या नजरेतलं भोक त्याच्याशी जुळवून बघितलं. त्याचं काम १९०९ साली प्रसिद्ध झालं. नजरेचा मधला भाग मागच्या टोकाला, कडेचा भाग आत खोल, हे त्यातून समोर आलं. त्या टोकाला बऱ्याच लोकांमध्ये दोन वेगवेगळ्या धमन्यांकडून रक्त मिळतं. म्हणून मागची धमनी तुंबून अर्धी बाजू गेली तरी अगदी मध्याजवळचं लहानसं बेट कधीकधी वाचतं.

त्यांचा नकाशा

गृहस्थांची फिल्ड टेस्ट केली. या यंत्रात एका पांढऱ्या वाटीसारख्या पडद्यावर हनुवटी टेकवून मध्याकडे बघत राहायचं असतं. वाटीत इकडेतिकडे बारीक उजेड चमकतात, दिसला की बटण दाबायचं. एकेका डोळ्याची टेस्ट वेगळी. कागदावर जिथे दिसलं नाही तिथे काळा रंग छापून येतो. टेस्ट थकवणारी आहे. नजर मध्यावरून हलली, डुलकी लागली किंवा पापणी खाली लोंबत असली तर खोटे काळे डाग येतात. म्हणून एका कागदावर विसंबायचं नसतं, शंका असेल तर पुन्हा करायची.

त्यांच्या दोन्ही कागदांवर उजवा अर्धा काळा आला. काळ्याची कड कुठे थांबते, हे मी सर्वांत आधी पाहिलं. काचबिंदूत आणि डोळ्याच्या आतल्या बऱ्याच आजारांत डागाची कड आडव्या रेषेशी थांबते, कारण दृष्टिपटलावरचे तंतू कमानीसारखे धावतात आणि वरचे-खालचे आडव्या रेषेवर वेगळे होतात. फुली आणि तिच्यामागचे आजार उभी रेषा पाळतात, कारण तंतूंची ओलांडायचे आणि न ओलांडायचे अशी वाटणी उभ्या रेषेवर होते. त्यांची कड उभी होती, दोन्ही कागदांवर, सरळ मध्यातून खाली. फक्त मध्यालगत उजवीकडे लहानसा भाग पांढरा राहिला होता, दोन्ही डोळ्यांत सारखाच.

आता हिशेब मांडू. दोन्ही डोळे, तीच बाजू, म्हणून फुलीच्या मागे. उजवी बाजू, म्हणून डावा मेंदू. वरचा आणि खालचा दोन्ही चतकोर गेले, म्हणून पंख्याचा एखादा भाग नव्हे. मध्यालगतचं बेट वाचलं आणि ते दोन्हीकडे जुळलं, म्हणून मागचं टोक. हातापायात कमजोरी नाही, बोलण्यात अडखळणं नाही. तेव्हा मेंदूच्या मधल्या भागापेक्षा मागच्या धमनीच्या रक्तपुरवठ्यातला अडथळा जास्त संभवतो. आठ दिवसांपूर्वी सकाळी उठताना अचानक सुरू झालं, म्हणजे गाठीपेक्षा पक्षाघाताकडे बोट जास्त.

एमआरआयमध्ये तेच दिसलं, डाव्या बाजूला मागे, पक्षाघाताचा डाग. नाडी तपासली तर ती अनियमित होती. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नसला की तिथे रक्ताची गुठळी जमू शकते आणि ती मेंदूत जाऊ शकते. ईसीजीत ते पक्कं झालं. रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू झालं. उजवा डोळा गेला म्हणून मोतीबिंदूच्या यादीत नाव घातलं असतं तर काही महिन्यांनी दुसरी गुठळी आली असती, आणि ती कदाचित बोलण्याच्या किंवा हाताच्या भागात गेली असती.

एका गोष्टीत मात्र आम्हाला उशीर झाला होता. अर्धी बाजू अचानक गेली की तो पक्षाघात समजून लगेच हॉस्पिटलमध्ये पोचावं लागतं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांची असते. हात वाकडा झाला की लोक धावतात. नजर अर्धी झाली की चष्म्याच्या दुकानात जातात.

घरी काय बघता येतं

शंका आली तर घरातल्या कुणालाही ही तपासणी करता येते. एक मीटरवर समोरासमोर बसा. समोरच्या माणसाला उजवा डोळा झाकायला सांगा आणि तुम्ही तुमचा डावा झाका, म्हणजे दोघांचे उघडे डोळे एकमेकांसमोर येतात. त्यानं तुमच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहायचं. आता दोघांच्या मधोमध वर-उजवीकडे, वर-डावीकडे, खाली-उजवीकडे, खाली-डावीकडे एक, दोन किंवा पाच बोटं धरा आणि किती ते विचारा. तुम्हाला दिसतात आणि त्याला नाही, तो कोपरा टिपून ठेवा. मग दुसरा डोळा. बारीक किंवा अर्धवट डाग यात सुटतात, तेव्हा ठीक वाटलं तरी तक्रार राहिली तर फिल्ड टेस्ट हवीच. पण अर्धी बाजू किंवा पूर्ण चतकोर गेलेला असेल तर पाच मिनिटांत कळतो.

आणि एक फरक लक्षात ठेवा. अर्धी बाजू न दिसणारा माणूस, त्याला सांगितलं की मान वळवून बघतो आणि वस्तू शोधतो. भाजीचं तसंच झालं होतं. काही पक्षाघातांत, बहुतेक वेळा उजव्या मेंदूच्या, माणसाला डावी बाजू आहे याचंच भान राहत नाही. तो सांगितलं तरी वळत नाही, डावीकडची दाढी करायची राहते. त्याची नजर शाबूत असू शकते, हरवलेलं असतं ते लक्ष. दोघांची काळजी वेगळी घ्यावी लागते.

गृहस्थांना मी स्पष्ट सांगितलं, परत येणारं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत येतं, त्यानंतर आशा कमी. स्कूटर आता चालवायची नाही, यात तडजोड नव्हती. वाचनासाठी सवय बदलावी लागली. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून उजवी बाजू गेलेल्याला पुढचा शब्द येण्याआधीच ओळ संपल्यासारखी वाटते. डावी बाजू गेलेला माणूस ओळ पूर्ण करतो, पण पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. गृहस्थांनी ओळीच्या उजव्या टोकाशी पट्टी ठेवायला सुरुवात केली, म्हणजे नजर जाणूनबुजून पट्टीपर्यंत न्यायची. महिन्याभरात पेपर पूर्ण वाचू लागले, आधीपेक्षा सावकाश.

तीन महिन्यांनी ते आले तेव्हा त्यांच्या नकाशात मध्यालगतचं पांढरं बेट थोडं रुंदावलं होतं. बाकी काळं तसंच होतं. ते येऊन खुर्चीत बसले, सून त्यांच्या डाव्या हाताला बसली. त्यांनीच तिला तसं सांगितलं होतं. मी विचारलं, “काय होतंय आता?” ते म्हणाले, “डोळे दोन्ही ठीक आहेत. उजवी बाजू नाही.” आणि पुढे सांगितलं, की जेवायला बसल्यावर ते आता आधी ताट थोडं गोल फिरवून घेतात. भाजी डावीकडे येते, आणि चटणी-कोशिंबीर कुठे आहे हे त्यांना माहीत असतं.